इंटिरियर डिझायनरची ईमेल: हॉलची दोन एआय चित्रं, शुक्रवारपर्यंत एक निवडा म्हणतात

मुक्ता_व

मंडळी, पुण्यातल्या नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी डिझायनरकडून ही ईमेल आली आहे. नावं काढून जशीच्या तशी देते:

«नमस्कार मॅडम, तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून लिव्हिंग रूमचे दोन कन्सेप्ट तयार केले आहेत. चित्रं एआय वापरून केली आहेत, त्यामुळे थोडा फरक राहील. पर्याय अ: फिकट लाकूड, टीव्हीच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत उभ्या पट्ट्या, एल आकाराचा सोफा, सीलिंगला कोव्ह लाइट. पर्याय ब: वाड्याचा फील, गडद हिरवी भिंत, भिंतीत कमानीचा कोनाडा, पितळी साखळ्यांचा झोपाळा, तीन सीटर सोफा. कृपया शुक्रवारपर्यंत एक पर्याय कन्फर्म करावा, म्हणजे कन्सेप्ट फ्रीझ करून पुढचं काम सुरू करता येईल.»

हॉल साडेदहा फूट रुंद, सतरा फूट लांब, उंची साडेनऊ. बाल्कनीकडच्या आखूड बाजूला मधोमध आठ फुटी सरकतं दार. त्या दारापासून अकरा फुटांवर स्लॅबखाली फूटभर उतरलेला बीम आडवा जातो, त्याच्या पलीकडे डायनिंग. घरात दोन मोठी माणसं, एक आजी, एक आठ वर्षांचा मुलगा. मला अ नीटनेटका वाटतो, आजींना ब आवडलाय (झोपाळा!). तुम्ही काय निवडाल आणि का?

गच्चीवरचा

ब. आजी ज्या बाजूला, बहुमत त्या बाजूला.

चित्रकथी

अ. हिरव्या भिंतीचा कंटाळा वर्षभरात येतो. फिकट लाकडावर पुढे उशा, पडदे, गालिचा काहीही बदलता येतं.

देवघर_ईशान्य

मुख्य दार कोणत्या दिशेला आहे ते दिलेलं नाही. त्याशिवाय टीव्हीची भिंत ठरवणं चूक. झोपाळा पूर्व-पश्चिम हलला पाहिजे.

मोजपट्टी

मुक्ताताई, आत्ता तुम्ही दोनपैकी एकही निवडू नका, असं माझं मत. दोन्ही वाईट आहेत म्हणून नाही. तुमच्यासमोर अजून दोन खोल्या आलेल्याच नाहीत, दोन मूड आले आहेत. स्केचअपमध्ये मापं घालून केलेला थ्रीडी आणि फोटोवरून बनवलेलं हे चित्र दिसायला सारखंच असतं. पण पहिल्यात सोफा ३७ इंच खोल दाखवला तर तो ३७ इंचच जागा खातो. दुसऱ्यात सोफ्याला माप नसतंच, त्या जागेत छान दिसेल एवढा तो काढलेला असतो.

एक गोष्ट करून बघा. तुम्ही पाठवलेला मूळ फोटो आणि अ चं चित्र फोनवरच्या कुठल्याही फोटो ॲपमध्ये एकावर एक ठेवा, वरचं अर्धं पारदर्शक करा. सरकत्या दाराची चौकट, बीम, एसीचा पॉइंट आणि स्विचबोर्ड, एवढ्याच गोष्टी जागच्या जागी आहेत का ते पाहा आणि काय सरकलं, काय गायब झालं ते इथे लिहा.

टिळक_रोडवाला

इतकं कशाला? फरशा मोजा. बिल्डरनं ८०० एमएमच्या टाइल्स लावल्या असतील तर साडेदहा फुटांत बरोबर चार बसतात. चित्रात पाच-सहा दिसल्या तर खोली ताणली आहे. एका मिनिटाचं काम.

मुक्ता_व

@मोजपट्टी, केलं. दाराची चौकट जवळजवळ तीच आहे. अ मध्ये बीम गायब, सीलिंग सरळ डायनिंगपर्यंत गेलंय. टीव्हीच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड नाही. सोफ्यामागच्या भिंतीवरचा एसीचा पॉइंट दोन्ही चित्रांत नाही. पंखा दोन्हीत नाही.

@टिळक_रोडवाला, टाइल्स ८०० च्याच आहेत, प्रत्यक्षात चारच. चित्रात मोजल्या तर सहा. म्हणजे खोली पावणेसोळा फूट रुंद केलीये?

मोजपट्टी

फरशीवरून तसं म्हणता येणार नाही. मूळ फोटोतली फरशी खरी, चित्रातली नव्यानं काढलेली. तिथे ६०० ची टाइल काढली असेल तर सहा टाइल्स म्हणजे बाराच्या आत. टिळक रोडवाल्यांची पद्धत साध्या फोटोला चालते, या चित्राला नाही.

जी गोष्ट हललेली नाही तिच्याशी ताडून बघावं लागतं. चौकट तीच आहे, म्हणजे खोलीचा सांगाडा बहुतेक तोच आहे. मग खोली मोठी का दिसते? सामान लहान काढलं असेल म्हणून. हे मोजता येतं. सोफ्याची पाठ भिंतीला जिथे टेकते तिथे चित्रावर उभी पट्टी धरा. जमिनीपासून पाठीच्या वरच्या कडेपर्यंत किती, आणि त्याच उभ्या रेषेत जमिनीपासून मूळ छतापर्यंत किती, याचं गुणोत्तर काढा. फोटो काढताना फोन सरळ धरला असेल, म्हणजे भिंतींच्या कडा चित्रात उभ्याच असतील, तर एकाच रेषेवरचं हे गुणोत्तर खरं निघतं. आडवं मोजू नका, तिथे पर्स्पेक्टिव्ह फसवतो.

बाजारातल्या नेहमीच्या सोफ्याची पाठ ३३ इंचांच्या आसपास असते. तुमची उंची ११४ इंच. म्हणजे छत सोफ्याच्या साधारण साडेतीन पट यायला हवं.

मुक्ता_व

सोफा २५ मिलिमीटर, छत १२० मिलिमीटर. ४.८ पट.

मोजपट्टी

मग हिशेब असा. ११४ भागिले ४.८ म्हणजे सोफ्याची पाठ पावणेचोवीस इंच. नेहमीचा सोफा याच्या १.४ पट असतो. म्हणजे एक तर डिझायनरच्या मनात मुद्दाम बुटका, जमिनीलगतचा सोफा आहे, किंवा खरा सोफा चित्रात बराच आक्रसला आहे. बुटका असेल तर आजींना त्यावरून उठता येणार नाही. बसायची उंची १७-१८ इंच हवी, आणि पावणेचोवीस इंचांच्या पाठीला ती मिळणं कठीण. आक्रसला असेल तर चित्रात त्याच्यासमोर जी मोकळी फरशी दिसते ती तुम्हाला मिळणार नाही.

आता खरी मापं घालू. रुंदी १२६ इंच. सोफा ३८, टीव्ही युनिट १६, पट्ट्यांचं पॅनेल २. उरले ७०. सोफा आणि टीपॉयमध्ये पाय ठेवायला १६, टीपॉय २४. उरले ३० इंच, हीच तुमची बाल्कनीची वाट. चालतं. ऐसपैस नाही, पण चालतं. चित्रात मात्र तिथे मूल सायकल फिरवेल असं दिसत असणार.

एल सोफ्याचा लांब भाग बाल्कनीकडे आहे ना? तो साधारण ६२ इंच पुढे येतो. दार मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना १५ इंच भिंत. त्या ६२ मधले ४७ इंच दारासमोर येतील, जवळपास अख्खं एक पॅनेल. दुसरं पॅनेल सरकवून जाता येईल, पण जाळी कोणत्या बाजूला थांबते ते बघून ठेवा.

गच्चीवरचा

म्हणजे सोफा घ्यायला सोफ्याबरोबर छोटी माणसं पण घ्यावी लागणार.

चित्रकथी

थोडा अन्याय होतोय. ईमेलमध्ये बाईंनी स्वच्छ लिहिलंय की चित्रं एआयची आहेत आणि फरक राहील. पहिल्या टप्प्यात मापांची अपेक्षाच चुकीची. पूर्वी याच टप्प्यावर मासिकातली कात्रणं दाखवायचे, ती तर दुसऱ्याच्याच घराची असायची. ही निदान आपल्या खिडकीची तरी आहेत.

मोजपट्टी

कात्रण दुसऱ्याच्या घराचं आहे हे बघणाऱ्याला कळायचं, म्हणून तो फसायचा नाही. इथे आपली खिडकी, आपली भिंत दिसते, म्हणून बाकीचंही आपलंच वाटतं. आणि माझा आक्षेप चित्रांना नाही. तो «कन्फर्म करा म्हणजे फ्रीझ करू» या ओळीला आहे. मूड फ्रीझ होत असेल तर हरकत नाही. लेआउट फ्रीझ होत असेल तर लेआउट अजून कुणी काढलेलाच नाही.

सई_ठाणे

मला पण किचनचे असे दोन फोटो आलेत. एकात शेगडी खिडकीखाली आहे, एकात फ्रीजशेजारी. कुठला घेऊ?

आडवा_रंधा

सईताई, खिडकीखाली शेगडी नको. वाऱ्यानं ज्योत हलते आणि चिमणी लावायला भिंत उरत नाही. फ्रीजशेजारी ठेवायची तर मध्ये निदान फूट-दीड फूट ओटा सोडा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे हॉल चाललाय.

मुक्ताताई, अ मधल्या पट्ट्यांबद्दल. चित्रात त्या जमिनीपासून छतापर्यंत अखंड आहेत ना? प्लाय, व्हिनियर, लॅमिनेट हे नेहमी आठ बाय चारच्या शीटमध्ये येतं. तुमची भिंत साडेनऊ फूट. सीलिंग पाच इंच खाली आणलं तरी नऊ फूट एक इंच. म्हणजे आठ फुटांवर जोड येणारच. चित्र काढणाऱ्याला शीटची लांबी माहीत नसते. साइटवर सुतार तो जोड जमेल तिथे मारतो, आणि वरून लाइट पडला की रेषा उठून दिसते. अगोदरच सांगा: वर एक आडवी पट्टी किंवा खाच दाखवून जोड तिच्यात घ्या, किंवा नऊ-साडेनऊ फुटी तयार पट्टी वापरा.

तयार पट्टी म्हणजे बहुतेक पॉलिस्टायरीनची, दुकानात चारकोल लूव्हर म्हणून मिळते. हलकी असते, वाळवी लागत नाही, पण लाकूड नाही. टोकाचा कट उघडा पडला की आतला काळा फोम दिसतो. मूल खेळण्यानं ठोकेल तिथे खळगा पडतो आणि तो पॉलिश करून निघत नाही. व्हिनियर महाग, पण घासून परत पॉलिश होतं. चित्रात तिन्ही सारखेच दिसतात! म्हणून पर्याय निवडण्याआधी मटेरियल लिहून घ्या, नाहीतर कोटेशन एका वस्तूचं आणि डोळ्यांसमोर दुसरीच.

न्यूजर्सीकर

आम्ही इथून पुण्याचा फ्लॅट करून घेतोय, आमच्याकडेही अशीच ईमेल आली होती. प्रश्न: डिझायनरला फी किती द्यायची? स्क्वेअर फुटावर की टक्क्यावर?

गच्चीवरचा

@न्यूजर्सीकर, धागा फीचा नाही, पण तुमच्यामुळे आता होईल.

स्लॅबखाली

स्ट्रक्चरचं काम करतो, म्हणून ब बद्दल लिहितो. दोन गोष्टी आहेत, दोन्ही चित्रात दिसत नाहीत.

पहिली, कमानीचा कोनाडा. चित्रात तो भिंतीच्या आत गेलेला आहे का बाहेर आलेला? पुण्यात गेल्या काही वर्षांतले बरेच टॉवर ॲल्युमिनियम फॉर्मवर्कचे आहेत, ज्याला सगळे मायवन म्हणतात. त्यात भिंती विटांच्या नसतात. स्लॅबबरोबर ओतलेल्या आरसीसीच्या असतात, बऱ्याच ठिकाणी चार ते सहा इंच जाडीच्या. त्या इमारतीचा भार घेतात, त्या कोरायच्या नाहीत. कोनाडा तर सोडाच, स्विचबोर्ड हलवायला खाच मारणंही बिल्डर आणि सोसायटी मना करतात, आणि बरोबर करतात. भिंतीवर हातोडीनं हलकं ठोका. विटेच्या भिंतीला प्लास्टरचा बद्द आवाज येतो, आरसीसी खणखणीत लागते आणि साधा खिळा शिरत नाही. पण खात्री पझेशनच्या वेळी दिलेल्या पुस्तिकेतून किंवा बिल्डरकडूनच करा.

भिंत आरसीसीची निघाली तर कमान भिंतीवर प्लाय किंवा जिप्समची पेटी करून बाहेर आणावी लागेल. आठ इंच खोल कोनाडा म्हणजे तुमच्या १२६ मधले आठ-नऊ इंच गेले. मोजपट्टींचा ३० इंचांचा रस्ता आठवा.

दुसरी, झोपाळा. तो टांगायचा कशाला? फॉल्स सीलिंगला नाही हे सगळ्यांना माहीत असतं. स्लॅबला, असं उत्तर येतं. पण स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल तर आत ताणलेल्या केबल असतात आणि त्या नेमक्या कुठून जातात हे ड्रॉइंगशिवाय कळत नाही. ड्रिल त्यावर गेलं तर नुसतं भोक पडून भागत नाही. साधा स्लॅब असेल तरी चार अँकर, खाली प्लेट आणि खुणा करण्याआधी आतल्या सळ्या शोधणं, एवढं लागतं. हलणाऱ्या झोपाळ्याचा भार बसलेल्या माणसांच्या वजनापेक्षा जास्त असतो आणि तो एका बाजूला ओढतो. साधा रावळ प्लग आणि हुक चालणार नाही.

मुक्ता_व

ठोकून पाहिलं. टीव्हीची भिंत खणखणीत. सोफ्याची भिंतही. हॉल आणि बेडरूममधली छोटी भिंत तेवढी वेगळी वाजते.

स्लॅबखाली

ती छोटी भिंत ब्लॉकची असू शकेल. तिथे कोनाडा बसेल का ते जाडीवर ठरेल. चार इंचांची असेल तर नाहीच, पलीकडे बेडरूममध्ये निघाल. आणि स्लॅबचं ड्रॉइंग मागा. सोसायटी ऑफिसला नसेल तर बिल्डरच्या साइट ऑफिसला.

टिळक_रोडवाला

झोपाळा बीमला टांगा की! बीम फूटभर खाली आहे, एवढं काँक्रीट. स्लॅबची भानगडच नाही.

स्लॅबखाली

विचार चांगला, अर्धा बरोबर. साध्या बीमला बाजूनं पट्टा बांधून टांगणं स्लॅबपेक्षा नक्की बरं. पण खालच्या अंगाला भोक पाडू नका, मुख्य सळ्या तिथेच असतात. आणि पोस्ट-टेन्शन इमारतीत बीममध्येही केबल असू शकतात. शिवाय बीम कुठे आहे? हॉल आणि डायनिंगच्या मधोमध. म्हणजे जेवायला जाताना झोपाळा ओलांडायचा.

मोजपट्टी

झोपाळ्याच्या जागेचा हिशेब कुणीच केला नाही, तो करू. हुक ११४ इंचांवर, पाट १८ वर, म्हणजे साखळी आठ फूट. आजी हळूच झोका घेतील तरी १५ अंश धरा. आठ फुटांच्या साखळीला १५ अंश म्हणजे पाट २५ इंच पुढे आणि तेवढाच मागे जातो. पाटाची निम्मी खोली १० इंच मिळवा. एका बाजूला ३५, दोन्ही मिळून ७०. जवळपास सहा फूट, तिथे दुसरं काही ठेवायचं नाही.

चित्रात झोपाळा बाल्कनीच्या दारासमोर, खोलीच्या लांबीत हलतो, बरोबर? बीमपर्यंत तुमच्याकडे ११ फूट, म्हणजे १३२ इंच. ७० गेले, उरले ६२. तीन सीटर सोफा ८० च्या आसपास असतो. म्हणजे ब मध्ये दाखवलेला सोफा आणि झोपाळा एकत्र बसत नाहीत. सोफ्याच्या बाजूनं, टीव्हीकडे सरकवून झोपाळा टांगला तर बसतो, पण मग बाल्कनीला जायची वाट बंद. चित्रात हे सगळं मजेत मावतंय, कारण तिथला पाट बहुतेक दीड फुटाचा आहे.

चित्रकथी

@मोजपट्टी, मग झोपाळा टीव्हीकडे तोंड करून, सोफ्याच्या जागी? ७० इंच रुंदीत हवेत, १६ टीव्ही युनिटला, ४० उरतात. सोफाच नको. आजींना झोपाळा, बाकीच्यांना दोन खुर्च्या.

मोजपट्टी

हे बसतं. मला स्वतःला आवडेल. पण पाहुणे आले की बसायला तीन-चार जागा कमी पडतील, आणि मुलगा आठ वर्षांचा आहे, तो १५ अंशांवर थांबणार नाही. ३० अंशांचा झोका घेतला तर पाट चार फूट पुढे आणि तेवढाच मागे जाऊन थेट टीव्हीला नाहीतर मागच्या भिंतीला भेटेल.

आडवा_रंधा

आजींना हवं ते लाकडी स्टँडवरच्या झोपाळ्यात मिळतं. साखळी आखूड, त्यामुळे झोकाही आखूड, स्लॅबला हात लावायचा नाही. जागा मात्र मोजून घ्या, स्टँडचे पाय पाटाच्या बाहेर येतात आणि रात्री पायाला लागतात.

देवघर_ईशान्य

स्टँडचा झोपाळा दिशा बदलता येतो, हे उत्तम.

गच्चीवरचा

काका, पहिल्यांदा आपलं एकमत झालं.

न्यूजर्सीकर

मुक्ता_व, पंखा दोन्ही चित्रांत नाही असं लिहिलंत त्यावर कोणी बोललं नाही. आमच्या चित्रातही नव्हता. डिझायनरला विचारलं तर म्हणाले, लावू नंतर.

मोजपट्टी

नंतर लावण्याची ती गोष्ट नाही. अशा चित्रांत छताचा पंखा बऱ्याचदा सुटतो. पंखा आला की कोव्ह बदलतो. सीलिंग पाच इंच खाली आल्यावर पंख्याचा रॉड तेवढा लांब लागतो आणि मूळ हुकाखाली सीलिंगमध्ये भोक ठेवावं लागतं. पाती छतापासून निदान आठ-नऊ इंच खाली हवीत, नाहीतर हवा वरच घुटमळते. आणि सीलिंगमधले छोटे गोल लाइट पात्यांच्या घेऱ्यात आले तर रात्री सगळी खोली लुकलुकते. १२०० एमएमचा पंखा म्हणजे मध्यापासून दोन फूट. लाइट त्याच्या बाहेर ठेवा. बीमचंही तेच. अ सारखं सलग सीलिंग हवं असेल तर ते बीमच्या खाली घ्यावं लागेल, म्हणजे उंची साडेआठ फुटांच्या आत. मी सीलिंग बीमपाशी थांबवीन आणि डायनिंगला वेगळं करीन.

मुक्ता_व

आता उत्तर काय पाठवू? त्या बाई चांगल्या आहेत, भांडायचं नाहीये. आणि शुक्रवार जवळ आला.

मोजपट्टी

भांडायचं कारणच नाही. असं काहीतरी लिहा:

«नमस्कार, दोन्ही कन्सेप्ट पाहिले. रंग आणि लाकूड यांसाठी अ ची दिशा आवडली. आजींसाठी ब मधला झोपाळा हवा आहे, जमल्यास स्टँडवरचा. ही पसंती फक्त रंग आणि मटेरियलच्या मूडपुरती समजावी. लेआउट कन्फर्म करण्याआधी हॉलचा मापांसह प्लॅन आणि टीव्ही व सोफा या दोन भिंतींचं समोरून ड्रॉइंग पाठवावं. त्यात बीम, पंखा, एसी आणि सध्याचे स्विचबोर्ड जागच्या जागी दाखवावेत. टीव्हीची भिंत आरसीसीची आहे, तेव्हा वायरिंग पॅनेलच्या मागून कसं न्यायचं ते कळवावं. पट्ट्या कोणत्या मटेरियलच्या आणि जोड कुठे येईल तेही. कन्सेप्ट फ्रीझ झाल्यावर बदलाला वेगळे पैसे आहेत का आणि पुढचा हप्ता कशावर देय आहे, हेही लिहावं.»

शेवटची ओळ काढू नका.

चित्रकथी

पत्र चांगलं आहे, पण अ आणि ब ची सरमिसळ डिझायनरला आवडत नाही. अ च्या फिकट लाकडात पितळी झोपाळा उपरा दिसेल.

आडवा_रंधा

झोपाळ्याचा पाट आणि टीव्ही युनिट एकाच व्हिनियरचे करा, साखळ्यांऐवजी काळे पॉलिशचे रॉड लावा. उपरा दिसणार नाही. आणि टीव्हीची भिंत आरसीसीची असल्यावर अ चं पॅनेल नुसती शोभा राहत नाही, सगळ्या वायरी त्याच्या मागूनच जातील. दोन इंच जागा त्यासाठी लागतेच. ब घेतला असता तर हिरव्या भिंतीवर केसिंग पट्ट्या दिसल्या असत्या.

स्लॅबखाली

हे महत्त्वाचं आहे, पण पॅनेल आरसीसीला लावतानाही बिट दीड इंचाच्या आत थांबवा. आणि बिल्डरच्या ड्रॉइंगमध्ये कन्सील्ड पाइप कुठून गेलेत ते बघितल्याशिवाय एकही भोक नको.

मुक्ता_व

पाठवली. उत्तर आलं: मापांचा प्लॅन पुढच्या आठवड्यात देतो, तोवर फ्रीझ नाही. बीम सुटला होता हे मान्य केलं. पट्ट्या लूव्हरच्याच धरल्या होत्या, व्हिनियरचा वेगळा दर देणार आहेत. स्लॅबच्या ड्रॉइंगसाठी बिल्डरला लिहिलंय, अजून काही नाही. आजी स्टँडच्या झोपाळ्याला तयार नाहीत. «तो बागेतला» म्हणतात.

स्लॅबखाली

ड्रॉइंग येईपर्यंत आजींना हो किंवा नाही काहीच सांगू नका. साधा स्लॅब निघाला तर चित्रकथींची सोफ्याविना खोली परत विचारात घेता येईल.

टिळक_रोडवाला

आणि पोस्ट-टेन्शन निघाला तर?

स्लॅबखाली

तर स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीशिवाय हुक नाही, आणि सही बहुधा मिळत नाही.

आडवा_रंधा

व्हिनियरचा दर आला की इथे टाका. त्यात पॉलिश धरलंय की नाही ते आधी बघा, बऱ्याचदा धरलेलं नसतं. आणि तुकडा फूट बाय फूटचा मागवून टीव्हीच्या भिंतीवर चिकटवा, संध्याकाळी बाल्कनीतून ऊन येतं तेव्हा आणि रात्री दिव्यात, दोन्ही वेळा पाहा. चित्रातलं फिकट लाकूड पिवळ्या लाइटखाली बऱ्यापैकी तांबूस दिसतं.

सई_ठाणे

शेगडी आणि फ्रीजमध्ये दीड फूट ओटा सोडला तर सिंकला जागा उरत नाही. आता?

आडवा_रंधा

सईताई, वेगळा धागा काढा, ओट्याच्या मापासकट. येतो तिकडे.